चौदा वेळा तेच कान

पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावांना २०१९ च्या महापुराची आठवण करून द्यावी लागत नाही. पूर ओसरल्यावर येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची मात्र द्यावी लागते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या भेगांतून जंतू शरीरात शिरतात. सांगायचे एवढेच असते : पुराच्या पाण्यात उतरलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना सांगावे. प्रश्न असा, की हे प्रत्येकाच्या कानावर किती वेळा पडले पाहिजे?

जाहिरात क्षेत्रात ‘तीन वेळा’ हे उत्तर ठरून गेले आहे. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये ते मांडले. पहिल्या वेळी माणूस ‘हे काय?’ म्हणतो, दुसऱ्या वेळी ‘याचा माझ्याशी काय संबंध?’ असे विचारतो आणि तिसऱ्या वेळेपासून ती फक्त आठवण असते. म्हणजे तीन हे मनाचे टप्पे आहेत. पण नियोजनाच्या कागदावर त्यांची ‘सरासरी तीन’ होते आणि तिथेच घोळ होतो.

समजा, गावात दोन हजार प्रौढ आहेत आणि फलक दूध संकलन केंद्रावर लावला. दोनशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ येतात. आठवड्यात तो फलक २,८०० वेळा पाहिला जाईल. गावाची सरासरी निघते १.४. प्रत्यक्षात दोनशे जणांनी तो चौदा वेळा पाहिला आणि अठराशे जणांनी एकदाही नाही. चौदाव्या वेळी तर नजर फलकावर नसते, फॅटच्या आकड्यावर असते! त्या केंद्रावर आणखी एक फलक लावला, तर आकडा दुप्पट होईल, माणूस एकही वाढणार नाही. तोच खर्च संध्याकाळी, मजूर शेतातून परतल्यावर, वस्तीवर स्पीकर फिरवण्यावर केला तर नवे कान मिळतात. वस्तीवर घरोघरी जाणाऱ्या आशाताई संख्येने थोड्यांना भेटतात, पण ‘माझ्याशी काय संबंध’ या प्रश्नाचे उत्तर त्याच देऊ शकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. लागण झाल्यावर लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिनाही लागतो. प्रचाराचा जोर मात्र पाणी असेपर्यंतच असतो. पहिल्या चार दिवसांत पाच वेळा ऐकवण्यापेक्षा पाणी असताना दोनदा आणि ओसरल्यावर तीन-चार आठवडे दर आठवड्याला एकदा ऐकवणे अधिक उपयोगाचे. ताप चढलेल्या दिवशी जे ताजे असेल, तेच आठवते.

हे जमले की नाही, हे गाडीच्या फेऱ्या मोजून कळत नाही. वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या तीसेक जणांना दोन प्रश्न विचारावेत : किती वेळा ऐकले, आणि ताप आला तर काय कराल? तिसांची चाचणी ढोबळच. तरी ‘एकदाही नाही’ म्हणणारे एकाच वस्तीवरचे निघाले, तर पुढची फेरी कुठे न्यायची, ते तिथेच समजते. ‘खूपदा ऐकले’ म्हणणाऱ्यांना डॉक्टरांना काय सांगायचे ते आठवत नसेल, तर फेऱ्या नव्हे, मजकूर बदलावा लागेल.