आधी मोजून, मग पोटभर

पेण आणि रोहा तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. मधल्या महिन्यांत मूल अंगणवाडीच्या वजनकाट्यापासून दूर असतं. परतल्यावर अंगणवाडी सेविका त्याचं वजन करते, दंडाला पट्टी लावते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, की मूल तीव्र कुपोषित ठरतं. मग बातमी होते आणि मदत धावते. दुधाची भुकटी येते, अंडी, खजूर, प्रोटीन पावडरचे डबे, टॉनिकच्या बाटल्या येतात. देणाऱ्यांच्या मनातल्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. मला बोलायचं आहे ते त्यांच्या मनात बसलेल्या एका समजुतीबद्दल, कारण ती मुलाच्या जिवावर उठू शकते.

ती समजूत अशी: मूल अन्नावाचून खंगलं आहे, तर अन्न हेच त्याचं औषध. ते जितकं जास्त आणि जितक्या लवकर देता येईल तितकं बरं. यात डॉक्टर, परिचारिका, मोजमाप यांचं काय काम? या पूर्वपक्षातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. दुसरं खोटं आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खंगलेल्या शरीरात काय घडतं ते पाहिल्यावरच मिळतं.

दीर्घ उपासमारीत शरीर खर्च कमी करत जातं. स्नायू झिजतात, त्यांत हृदयाचा स्नायूही आला. यकृत, मूत्रपिंडं, आतडी आपलं काम मंदावतात. प्रत्येक पेशी सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवण्यासाठी सतत शक्ती खर्चत असते. ती शक्तीही आखडली जाते, म्हणून सोडियम आत साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे, जुलाबावाटे निघून जातं. फॉस्फेट आणि मॅग्नेशियमचा साठाही आटतो. फसवी गोष्ट अशी, की रक्ताच्या तपासणीत हे आकडे कित्येकदा ठीकच दिसतात. पेशी रिकाम्या असतात, रक्त मात्र भरलेलं भासतं.

अशा शरीरात अचानक साखर, भात, दूध भरपूर गेलं की इन्सुलिन उसळतं. पेशी साखर आत ओढतात आणि तिच्याबरोबर रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही ओढून घेतात. रक्तातलं त्यांचं प्रमाण काही तासांत, काही दिवसांत कोसळतं. फॉस्फेटवाचून पेशीला शक्ती तयार करता येत नाही. श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके चुकू लागतात. साखर जाळायला लागणारं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधीच संपत आलेलं असतं, ते पूर्ण संपतं. त्यातच पेशींमध्ये साठलेलं सोडियम बाहेर पडून पाण्यासह रक्तात येतं आणि झिजलेल्या हृदयावर त्याचा भार पडतो. हृदय हरतं. अन्न मिळालेलं मूल चौथ्या दिवशी जातं आणि घरचे म्हणतात, ‘चांगलं खात होतं हो, मग काय झालं?’

‘उपाशी माणूस खाऊन कसा मरेल?’ असं विचारणाऱ्यांनी 1945 आठवावं. 15 एप्रिलला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्झेन छळछावणीत शिरलं. सैनिकांनी हाडांचे सापळे झालेल्या कैद्यांना आपल्या शिध्यातलं डबाबंद मांस आणि चरबीयुक्त अन्न दिलं. मुक्तीनंतरही तिथे हजारो माणसं मेली. टायफसनं बरेच गेले, पण त्या जड अन्नानंही अनेकांचा बळी घेतला. नंतर तिथे दुधाची भुकटी, पीठ आणि साखर यांचं पातळ मिश्रण आणलं गेलं. ते 1943 च्या बंगालच्या दुष्काळातल्या अनुभवावरून बनवलेलं होतं. उपाशी माणसाला कसं खाऊ घालायचं याचा अनुभव आपल्याच देशानं फार महाग किंमत देऊन मिळवलेला आहे. आपणच तो विसरावा, याचं मला वाईट वाटतं.

आता रुग्णालयातल्या पद्धतीवर येणारा आक्षेप पाहू. आई मुलाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात येते. तिला वाटतं, इथे तरी पोर पोटभर खाईल. परिचारिका पेल्यात थोडंसं पातळ दूध मोजून देते आणि दोन तासांनी पुन्हा तेवढंच. ‘आम्ही घरी याहून जास्त देतो,’ असं म्हणून आई तिसऱ्या दिवशी पोर उचलून निघते. भेट द्यायला आलेले पुढारीही विचारतात, ‘सरकारी दवाखान्यात मुलांना उपाशी ठेवता का?’

हिशोब मांडून बघू. समजा सहा किलोची एक मुलगी आहे, पायांवर सूज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे तिला सुरुवातीला एफ-75 नावाचं मिश्रण मिळतं. त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी असतात आणि प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. दर किलो वजनाला दिवसाला 130 मिलिलिटर, म्हणजे तिला 780 मिलिलिटर. बारा भागांत वाटलं की दर दोन तासांना 65 मिलिलिटर, रात्रीही. दिवसाच्या कॅलरी होतात सुमारे 585. एवढ्यात तिचं शरीर तगून राहतं, आणि कोसळण्याइतका भारही पडत नाही. मिश्रणात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घातलेलं असतं, म्हणून दूध-साखर-तेल घरी कालवलं तर ते एफ-75 होत नाही. सूज फार असेल तर हेच प्रमाण किलोमागे 100 मिलिलिटरवर आणतात.

रात्रीच्या पेल्यावर माझा विशेष भर आहे. या मुलांच्या शरीरात साखरेचा साठा नसतो. चार-सहा तास पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर 54 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते, अंग गार पडतं, मूल नुसतं झोपलेलं दिसतं आणि सकाळी उठत नाही. ज्या वॉर्डात रात्री दूध पाजायला कोणी नाही, तिथे दिवसाच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. ‘देखरेख’ या शब्दात मला आधी रात्रपाळी दिसते, डॉक्टरची सही नंतर.

काही दिवसांत, बहुधा आठवडाभराच्या आत, मुलीला भूक लागते आणि ती पेला चटकन संपवू लागते. आता चार तासांच्या अंतरानं 130 मिलिलिटर दिलं जातं, पण दूध बदलतं. एफ-100, म्हणजे 100 मिलिलिटरला 100 कॅलरी. दोन दिवस प्रमाण तेवढंच ठेवतात. मग दर पेल्याला 10 मिलिलिटर वाढवत जातात, ती थोडं उरवेपर्यंत. सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच आहे, कारण आता मुलगी मागते आणि देणाऱ्याचा हात सुटतो. म्हणून दर चार तासांनी नाडी आणि श्वास मोजतात. नाडी मिनिटाला 25 नं आणि श्वास 5 नं वाढला, आणि पुढच्या मोजणीतही तसाच राहिला, तर हृदयावर ताण आल्याचा तो इशारा असतो. लगेच पेला किलोमागे 16 मिलिलिटरवर, म्हणजे हिच्यासाठी सुमारे 95 वर आणतात आणि पुन्हा हळूहळू चढवतात. हा इशारा घरी कोणाला कळणार? मूल हसतंय, खातंय, एवढंच दिसतं.

हा टप्पा पार पडला की मात्र हात आखडायचा नाही. दिवसाला किलोमागे दीडशे ते दोनशे वीस कॅलरी, मूल घेईल तेवढं. दिवसाला किलोमागे 10 ग्रॅमहून अधिक वजन वाढलं तर उत्तम. पोटभर खाऊ घालणाऱ्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं, फक्त ते आठवडाभर आधी बोललेले असतात.

वजनकाट्याचाही गैरसमज काढला पाहिजे. वरिष्ठ कार्यालयाला रोज वाढता आकडा हवा असतो. पण पहिल्या दिवसांत वजन वाढणं अपेक्षितच नाही. सूज असलेलं मूल बरं होऊ लागतं तेव्हा अंगातलं पाणी उतरून वजन घटतं. उलट दुसऱ्याच दिवशी वजन झपाट्यानं चढलं, तर ते बहुधा मांस नसून पाणी असतं. सूज आलेलं मूल गुटगुटीत दिसतं, म्हणून आधी पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहावं.

आणि सलाईन. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की बाटली लावण्याचा आग्रह धरला जातो, पैसे मोजून धरला जातो. या मुलांच्या हृदयाला ते पाणी पेलत नाही. शॉकमध्ये गेलेलं मूल सोडून शिरेतून पाणी देणं धोक्याचं आहे. लोहाचं टॉनिकही पहिल्या आठवड्यात नको. भूक परतून वजन वाढू लागल्यावरच ते सुरू करतात, कारण त्याआधी दिल्यास जंतुसंसर्ग बळावू शकतो.

आता माझ्या बाजूवर येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप: प्रत्येक कुपोषित मुलाला रुग्णालयात डांबायचं का? नाही. ज्या मुलाला भूक आहे, सूज नाही, ताप, न्यूमोनिया, सततच्या उलट्या नाहीत, ते गावातच बरं होऊ शकतं. अंगणवाडीतलं ग्राम बाल विकास केंद्र त्यासाठीच आहे. पण हे ठरवायचं कसं? सेविकेसमोर मुलाला पोषक आहार खायला देऊन ते तो आवडीनं खातं का, हे पाहून. ही भुकेची चाचणी चुकवून डबा घरी पाठवणं ही हेळसांड आहे. भूक मेलेलं मूल हे सगळ्यात आजारी मूल असतं, आणि ‘खातच नाही, लाडावलंय’ असं म्हणून ते घरीच राहतं.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. महिनोन्महिने उपचाराविना राहिलेला क्षयाचा रुग्ण, दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काही न खाल्लेला वृद्ध, यांनाही हाच धोका आहे. त्यांना आधी थायमिन आणि मग दिवसाला किलोमागे 10 कॅलरींपासून सुरुवात करतात.

आईनं मूल लवकर नेण्यामागे दुधाच्या पेल्याइतकंच दुसरंही कारण असतं, ते म्हणजे घरची दुसरी पोरं आणि बुडालेली मजुरी. मालकाची उचल फेडायची असते. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, ती केंद्रातून घरी सोडण्याच्या दिवशीच हातात पडली पाहिजे. मुक्कामात सोबतच्या भावंडाला जेवण मिळालं पाहिजे. तिला पहिल्याच दिवशी, तिच्या बोलीत, दूध कमी का देतोय आणि किती दिवसांनी वाढवणार हे सांगितलं पाहिजे, पेल्यावर खूण करून. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानं आणि आरोग्य खात्यानं हे एकत्र बसून करावं. आणि दिवाळीनंतर ते कुटुंब पुन्हा भट्टीवर जाईल तेव्हा मुलाचं वजनाचं कार्ड आईच्या पिशवीत असावं आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीला त्याचं नाव आधीच कळलेलं असावं, कारण बरं झालेलं मूल पुढच्या काही महिन्यांत पुन्हा घसरू शकतं.