थकबाकी यादी कोणत्या दिवसाअखेरची?

पतसंस्थेचा वसुली अधिकारी सकाळी थकबाकी यादी उघडतो. वर छापलेले असते: ११ जून, सकाळी १०:०७. ही वेळ यादी उघडल्याची आहे. आकडे मात्र रोज रात्री दीड वाजता चालणाऱ्या जॉबने भरलेल्या टेबलातून येतात, आणि आदल्या रात्री एका शाखेचे डे-एंड अडकल्याने तो जॉब चाललाच नाही. टेबलात ९ जून अखेरची स्थिती तशीच पडून आहे. एका दुकानदाराने १० तारखेला दुपारी हप्ता रोखीने भरून पावती घेतली होती. अधिकारी त्याच्या दुकानात जातो आणि गिऱ्हाइकांसमोर थकलेल्या हप्त्याचा विषय काढतो.

प्रसंग कल्पित आहे, पण रिपोर्टांशी रोजचा संबंध असलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. यादी जुनी असणे हा दोष नव्हे. रात्रीच्या जॉबची यादी सकाळी थोडी शिळीच असते, आणि ती ९ जून अखेरची आहे हे कळले असते तर अधिकाऱ्याने निघण्यापूर्वी खाते उघडून पाहिले असते. रिपोर्ट बनवणाऱ्याने सोय म्हणून चालू वेळ छापली आणि तपासण्याचे कारणच नाहीसे केले. जॉब थांबल्याची खूण एकच उरली होती: यादीची बेरीज कालच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळत होती. ती कोण पाहतो?

खरे तर हिशेबाच्या जगात हा भेद नवा नाही. ताळेबंद मे महिन्यात छापला तरी त्यावर ३१ मार्च अखेर असेच लिहिलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकातही हेच तत्त्व आहे. हप्ता ज्या दिवशी देय, त्या दिवसाच्या डे-एंडमध्येच खाते थकीत धरायचे, मग ती प्रक्रिया प्रत्यक्षात कितीही वाजता चालो. त्यात दिलेले उदाहरण असे: ३१ मार्च २०२१ चा हप्ता त्या दिवसाच्या डे-एंडपूर्वी पूर्ण आला नाही, तर थकल्याची तारीख ३१ मार्चच, आणि थकबाकी तशीच राहिली तर २९ जूनला खाते अनुत्पादक. रात्री दीडला चाललेल्या जॉबने आपल्या घड्याळातली तारीख लावली, तर हा हिशेब एका दिवसाने सरकतो. सर्व्हर यूटीसीवर असेल तर गोंधळ उलट्या बाजूचा. भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत आदल्या दिवसाचीच तारीख चालू असते, त्यामुळे दीडचा जॉब योगायोगाने बरोबर तारीख लावतो आणि सहा वाजता पुन्हा चालवला की चुकीची.

मग वेळ आणायची कुठून? सुचतो तो सोपा उपाय म्हणजे टेबलातल्या शेवटच्या व्यवहाराची वेळ. ती फसवते. बारा शाखांपैकी अकरांचा डेटा आलाच नसेल, तरी बाराव्या शाखेतली संध्याकाळची एक नोंद सगळी यादी ताजी दाखवते. उलट सुट्टीनंतर यादी पूर्ण असूनही जुनी दिसते, कारण व्यवहारच झालेले नसतात. म्हणून डेटा उचलणाऱ्या पायरीनेच, उचलायला सुरुवात करताना, प्रत्येक स्रोतासाठी कोणत्या क्षणापर्यंतचे व्यवहार घेतले हे लॉगमध्ये लिहावे. डेटा आणि ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जावी, म्हणजे एक आले आणि दुसरे राहिले असे होणार नाही. रिपोर्टने मग सर्वांत मागे राहिलेल्या स्रोताची वेळ छापायची:

```sql
SELECT MIN(upto) FROM (
  SELECT source, MAX(data_upto) AS upto
  FROM load_log WHERE status = 'OK'
  GROUP BY source) t;
```

अकरा शाखा १० जून अखेर आणि एक ९ जून अखेर असेल, तर शीर्षकात ९ जूनच येते. शाखा व्यवस्थापकांना हे रुचत नाही, आपल्या शाखेचा ताजा आकडा उगाच जुना ठरला असे वाटते. त्यांच्यासाठी मागे पडलेल्या शाखेचे नाव खाली द्यावे. शीर्षकातली तारीख मात्र पुढे ओढू नये. या क्वेरीची एक मर्यादा आहे: जिची लॉगमध्ये एकही नोंद नाही अशी नवी शाखा तिला दिसतच नाही. शाखांची यादी वेगळी ठेवून तिच्याशी ताळा घ्यावा लागतो.

ही ओळ फक्त स्क्रीनवर असून भागत नाही. यादी एक्सेलमध्ये उतरते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, कोणी तिसऱ्याच पानाचा फोटो पाठवतो. तेव्हा ‘९ जून अखेर’ हे फाइलच्या नावात आणि प्रत्येक छापील पानाच्या माथ्यावर हवे. शिवाय अपेक्षित दिवसाअखेरची स्थिती आली नसेल, तर वसुलीची यादी नुसत्या लाल अक्षरांत न दाखवता उतरवूनच घेऊ देऊ नये. व्यवस्थापकांसाठीचा एकूण थकबाकीचा आलेख जुन्या तारखेसह दिसला तरी चालेल, कारण त्यावरून त्या दिवशी कोणी कोणाच्या दारात जात नाही.