कडेला काय विरतं?

माझ्या पुस्तकाची प्रुफं आली. शहागंजवरची बारा प्रकरणं, आणि बाराही शीर्षकांवर एकच चित्र: मिनार, वर चंद्रकोर, कडा धुक्यात विरलेल्या. घड्याळाच्या मनोऱ्यावरच्या प्रकरणालाही तेच! विचारलं, तर उत्तर मिळालं, "सर, तुमच्या पुस्तकाला शोभतं. शिवाय सजावटच तर आहे."

सजावट? चौकटीतलं चित्र निदान कबूल करतं, की मी मोठ्या दृश्याचा कापलेला तुकडा आहे. बिनचौकटीचं चित्र तसं सांगत नाही. त्याच्याभोवतीचा पांढरा कागदच आकाश होतो, जमीन होतो. कडेला काय विरलं, ते वाचकाला कळतच नाही. आमच्या चौकातले हातगाडे, तारा, उर्दू-मराठी पाट्या विरल्या, उरला तो कुठल्याही गावचा मिनार. हा निर्णय आहे, सजावट नाही.

आणि तो निर्णय छापताना फसलाही होता. कडा विरवायला संगणकावर राखाडी रंग पुसट करत नेला होता. पण ऑफसेटवर राखाडी रंग म्हणजे काळ्या शाईचे बारीक ठिपके. साध्या मॅपलिथो कागदावर दोन-तीन टक्क्यांचे ठिपके नीट टिकत नाहीत. त्यामुळे धुकं हळूहळू संपत नाही, एका रेषेवर अचानक तुटतं. शिवाय स्कॅन केलेल्या कागदाचा हलका करडेपणा साफ केला नाही, तर चित्रामागे फिकट चौकोन उमटतो. माझ्या प्रुफात दोन्ही दोष होते. पडद्यावर कॉन्ट्रास्ट वाढवला की तो चौकोन लगेच दिसतो.

यावर उपाय जुना आहे. इंग्लंडच्या थॉमस ब्यूइकनं पक्ष्यांवरच्या ग्रंथात (पहिला खंड 1797) अशी छोटी चित्रं लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरली. फिकी दिसायला हवी ती जागा तो आधीच किंचित खोल तासायचा. तिथे दाब कमी पडे, रेघ हलकी उमटे. आजच्या छपाईत दाबाचा खेळ नाही, म्हणून काम रेघेनंच करावं लागतं. चित्र दुप्पट आकारात शाईनं काढायचं. कडेकडे रेघा विरळ करायच्या, मग तोडायच्या, शेवटी सुटे ठिपके. प्रत्येक रेघ पूर्ण काळी, राखाडी काहीच नाही. अर्ध्या आकारात आणल्यावर बारीक रेघ नाहीशी होत नाही ना, हे त्याच कागदावर छापून पाहायचं.

मी चित्रकाराला शहागंजला घेऊन गेलो. घड्याळाच्या प्रकरणासाठी त्यानं मनोरा काढला, खाली फळांचा गाडा. गाड्याचं मागचं चाक तुटक रेघांत कागदात मिसळत गेलं. पण चाक आहे, हे डोळ्याला कळतं. माझी मागणी एवढीच आहे. विरवा, पण आमचा चौक आधी पाहा आणि मग ठरवा काय विरवायचं ते. लेखकाचं नाव वाचून ठरवू नका.