शब्दांच्या चाळणीत अडकलेली इंटर्नशिप

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावातून अंबाजोगाईला अभियांत्रिकी शिकण्यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने इंटर्नशिप ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे. ती देऊ शकतील अशा संगणक क्षेत्रातील कंपन्या मात्र मुख्यत्वे पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथे आहेत. त्यांच्याकडे अर्ज जातो तो संकेतस्थळावरून, आणि मोठ्या कंपन्यांत तो प्रथम हाताळते एक सॉफ्टवेअर. उत्तर न आलेल्या अर्जांचे कारण विद्यार्थी आपल्या गुणांत किंवा गावात शोधतात. पुष्कळदा ते अर्जातील शब्दांत असते.

या सॉफ्टवेअरविषयी गैरसमजही बरेच आहेत. शंभरातले पंचाहत्तर अर्ज यंत्रच फेटाळते, हा सर्वत्र ऐकू येणारा आकडा कोणत्याही भक्कम अभ्यासावर उभा नाही. प्रत्यक्षात यंत्राची कामे तीन. पहिले, अर्जातील मजकूर वाचून नाव, शिक्षण, कौशल्ये वेगवेगळ्या रकान्यांत भरणे. दुसरे, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, किमान गुण, शहर बदलण्याची तयारी अशा ठरीव प्रश्नांची उत्तरे तपासणे. थेट नकार बहुधा याच टप्प्यावर मिळतो. तिसरे, जाहिरातीतील शब्द अर्जात किती आढळतात त्यानुसार क्रम लावणे किंवा भरती अधिकाऱ्याने शोधलेला शब्द असलेले अर्ज पुढे आणणे. तिसऱ्या टप्प्यावर उमेदवार नाकारला जातोच असे नाही. तो यादीत इतका खाली राहतो की तेथवर कोणी पोहोचत नाही. परिणाम एकच.

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील मालकवर्गाची पाहणी करून २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. जाहिरातीतील निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून उच्च कौशल्याचे पात्र उमेदवार चाळणीतून बाहेर पडतात, हे त्यातील ८८ टक्के मालकांनी मान्य केले. या अभ्यासाचे एक लेखक जोसेफ फुलर यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. काही रुग्णालये परिचारिकांच्या अर्जांत संगणक प्रोग्रॅमिंग हा शब्द शोधत होती. त्यांना हवे होते ते रुग्णांची माहिती संगणकात भरणारे कोणीतरी.

बीडच्या विद्यार्थ्याची अडचण याच्या नेमकी उलट बाजूने येते. काम त्याने केलेले असते, पण त्या कामाचे जाहिरातीतील नाव त्याला ठाऊक नसते. समजा, माहिती विश्लेषणाच्या इंटर्नशिपची एक जाहिरात आहे. तिच्यात `SQL`, `Microsoft Excel`, `Pivot Table`, `data cleaning`, `reconciliation` आणि `Power BI` हे शब्द आहेत. अर्ज करणाऱ्या मुलाचा काका ऊसतोडीचा मुकादम आहे आणि त्याचा हिशेब दोन हंगाम हा मुलगाच संगणकावर ठेवतो. वीस कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या वीस जोड्या. प्रत्येकीची उचल, रोजची खेप, टनेज आणि हंगामाअखेरची बाकी. एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले असेल तर तो ते एकसारखे करतो, दुबार नोंदी काढतो, कारखान्याच्या वजनपावत्या वहीशी पडताळून फरक शोधतो आणि शेवटी जोडीनिहाय गोषवारा काढतो.

अर्जात यातले काहीच नसते, कारण ते घरचे काम. तेथे असते 'एमएस-सीआयटी उत्तीर्ण' आणि 'प्रकल्प: ग्रंथालय व्यवस्थापन, MySQL'. या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही यंत्रापुढे अपुऱ्या ठरू शकतात. एमएस-सीआयटी महाराष्ट्रात घरोघरी माहीत असले तरी `Microsoft Excel` शोधणाऱ्या यंत्राला `MS-CIT` या अक्षरांत एक्सेल दिसत नाही. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या यंत्राला `MySQL` मध्ये `SQL` सापडेलच असेही नाही. काही नवी सॉफ्टवेअर समानार्थी शब्द ओळखतात. पण समोरच्या कंपनीचे त्यांपैकी आहे की नाही, हे अर्जदाराला कळण्याचा मार्ग नसतो.

म्हणून दुरुस्ती जाहिरातीपासून सुरू व्हावी. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे आणि 'आवश्यक' म्हणून दिलेले सहा-आठ शब्द वेगळे काढावेत. प्रत्येकासमोर आपण केलेले एक काम लिहावे. काम असेल तर तो शब्द जाहिरातीतील स्पेलिंगसह घ्यावा. नसेल तर सोडून द्यावा. या मुलाने नावे एकसारखी केली ते `data cleaning`, वजनपावत्या पडताळल्या ते `reconciliation`, गोषवारा त्याच सोयीने काढला असेल तर ते `Pivot Table`. 'वीस जोड्यांच्या दोन हंगामांच्या उचल व वजनाच्या नोंदी एक्सेलमध्ये पडताळून हंगामाअखेरचा अहवाल तयार केला' या आशयाची एक इंग्रजी ओळ कौशल्यांच्या कोरड्या यादीपेक्षा वजनदार ठरते. ती यंत्राला जुळते आणि पुढे माणसालाही पटते. ग्रंथालयाच्या प्रकल्पात `SQL` आणि `MySQL` दोन्ही लिहावेत. `Power BI` त्याने उघडलेलेच नाही; तेव्हा तो शब्द अर्जात येऊ नये.

शब्द नेमके असूनही ते वाचलेच गेले नाहीत तर सारे व्यर्थ. गावातील मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात छापून घेतलेला बायोडाटा मोबाइलने स्कॅन करून जोडला, तर ते केवळ चित्र असते आणि अनेक यंत्रांना त्यात एकही अक्षर मिळत नाही. दोन स्तंभांच्या आकर्षक नमुन्यात डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. पानाच्या माथ्यावरील पट्टीत लिहिलेला दूरध्वनी क्रमांक गळू शकतो. याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील सर्व मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तेथे काहीच आले नाही किंवा ओळींचा क्रम विस्कटला, तर यंत्रापुढेही तेच होण्याची शक्यता आहे. एका स्तंभाचा, साध्या मथळ्यांचा, संगणकावरच टंकलिखित केलेला अर्ज सर्वांत सुरक्षित.

या उपायाला मर्यादा आहेत, आणि त्याचा गैरवापरही होतो. संपूर्ण जाहिरात पांढऱ्या अक्षरांत अर्जात दडवण्याची युक्ती सांगितली जाते. पण यंत्राने उतरवून घेतलेला मजकूर साध्या अक्षरांत अधिकाऱ्यासमोर येऊ शकतो आणि लबाडी उघडी पडते. न येणारे कौशल्य लिहिले तर मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला ते उघड होते. उलट, पदवीचे वर्ष किंवा किमान गुण यांची अट पूर्ण होत नसेल, तर शब्दांची कितीही जुळवाजुळव तेथे उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी वेळ न घालवणे हेच शहाणपण.

मात्र हा सारा भार विद्यार्थ्यावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून भरतीतील काही स्वयंचलित साधनांची पक्षपात-तपासणी आणि उमेदवारांना पूर्वसूचना बंधनकारक आहे. भारतातील कंपन्यांना निदान कोणत्या अटीवर अर्ज आपोआप बाद होतो एवढे जाहिरातीत सांगता येईल, आणि महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना एकच छापील नमुना वाटण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर एक जाहिरात ओळीओळीने वाचता येईल. पुण्याच्या मुलाला हे काम एखादा ओळखीचा अभियंता संध्याकाळी करून देतो. धर्मापुरीच्या मुलाला असा ओळखीचा माणूस मिळेलच असे नाही, आणि यंत्रासमोर दोघांत पडणारा फरक बहुधा तेवढाच असतो.