निळ्या अक्षरांतला तगादा

उधारीवर जिन्नस आणण्याच्या माझ्या सवयीवर या सदराचे वाचक पूर्वीच पोटभर हसलेले असल्यामुळे, गुलमंडीमागच्या वाण्याकडे माझे खाते आहे हे पुन्हा सांगत नाही. परंतु मी एका सभेत गंभीर मुद्रेने बसलो असताना त्या खात्याने ‘1,240 रुपये बाकी’ असा तगादा मोबाइलवर धाडावा, त्याखाली निळ्या अक्षरांची लिंक असावी आणि तो मजकूर शेजारच्या गृहस्थांनी माझ्याआधी वाचावा, हे मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

खाताबुक, ओकेक्रेडिट अशा नावांच्या या वह्या मोबाइलमध्ये राहतात. गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम टाकली की तांबडी, जमा केली की हिरवी. बाकी आपोआप निघते आणि तगादा व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने जातो. लिंकवरून यूपीआयने पैसे भरले, की जमेची नोंद वहीत आपसूक पडते.

माझी तक्रार या ‘आपसूक’विषयी आहे. शनिवारी मी गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन करून पाचशे रुपये दिले होते, आणि तिथल्या डब्याने ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीरही केले होते. पण तो डबा एका कंपनीचा आणि वही दुसरीची, त्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार नाही, आणि शेटजी त्या वेळी तूरडाळ जोखत असल्याने हाताने करावयाची नोंद राहून गेली. खरी बाकी 740. घरातल्या कुणी भाबडेपणाने लिंक दाबून 1,240 भरले असते, तर वहीत शून्य दिसले असते आणि माझे पाचशे बिनवारशी दुकानात पडून राहिले असते. म्हणून लिंकवर बोट ठेवण्यापूर्वी खात्याचा उतारा उघडून पाहिला. शनिवारची जमा तिथे नव्हती. माझ्या फोनमध्ये मात्र त्या व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक शाबूत होता.

तो दाखवताच शेटजी शांतपणे म्हणाले, “सर, डब्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं, वहीला कुणी सांगितलं?”

आता, हिशेबाच्या वहीतली नोंद एकटीच्या बळावर कुणाला देणेकरी ठरवू शकत नाही, हे 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 28 सांगते, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वह्याही येतात. परंतु पाचशे रुपयांसाठी वाण्याला साक्ष्य अधिनियम ऐकवणारा इसम पुढच्या महिन्यात साखर कुठून आणणार? त्यांच्या वडिलांच्या काळी लाल बासनातल्या वहीत बाकी निघाली, तरी ‘मास्तर, पगार झाला का?’ एवढीच पृच्छा होई, आणि तीही दुकानात दुसरे कुणी नसताना. पगार लांबला आहे हे त्यांना ठाऊक असे. ठरलेल्या तारखेला निघणाऱ्या संदेशाला ते कसे ठाऊक असावे?

शेटजींनी शनिवारच्या तारखेने पाचशे जमा केले. उरलेले 740 मी रोख मोजून दिले आणि तीही नोंद होऊन संदेश माझ्या फोनवर येईतो गल्ल्यापुढून हललो नाही. मागची गिऱ्हाइके खोळंबून कुरकुरू लागली, त्याला माझा इलाज नव्हता.