आईचा साज मोडला तर टॅक्स किती? सोनं विकताना ‘कधी घेतलं’ आणि ‘कितीला घेतलं’ यावर ठरतं सगळं गणित

सोन्याचा दर 2025 मध्ये दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला आणि कोल्हापूरच्या गुजरीत नवा दागिना घेणाऱ्यांइतकीच चर्चा जुना दागिना मोडणाऱ्यांची सुरू झाली. मुलाची फी, घराचं डाउन पेमेंट किंवा जुनं कर्ज, कारण काहीही असो, कपाटातला डबा उघडला जातो. सराफ वजन करतो, शुद्धता बघतो, रक्कम खात्यात येते आणि विषय संपला असं वाटतं. पण आयकर खात्याच्या दृष्टीनं विषय तिथंच सुरू होतो.

यात पहिली गोष्ट अशी, की टॅक्स विक्रीच्या पूर्ण रकमेवर नसतो. तो फक्त नफ्यावर असतो. म्हणजे विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा करायची आणि जे उरेल त्यावर टॅक्स. हा नफा किती आणि त्यावर दर कोणता, हे दोन प्रश्नांवर ठरतं. सोनं किती काळ जवळ होतं? आणि ते कितीला घेतलं होतं?

24 महिन्यांची रेष

23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये सोन्याचे नियम बदलले. आधी सोनं तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवलं तर नफा दीर्घकालीन धरायचे. आता ही मुदत 24 महिन्यांची आहे. त्यापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स लागतो, वर 4 टक्के सेस. त्याआधी विकलं तर नफा थेट तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स बसतो.

समजा, एका नोकरदारानं जानेवारी 2024 मध्ये दोन तोळ्यांची चेन घेतली. 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 5,800 रुपये. सोन्याचे 1,16,000, घडणावळ 11,600 आणि त्यावर 3 टक्के जीएसटी 3,828. बिल झालं 1,31,428 रुपयांचं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यानं ती 11,000 रुपये ग्रॅमने, म्हणजे 2,20,000 रुपयांना विकली. नफा 88,572 रुपये.

पण चेन घेऊन 21 महिनेच झालेत. हा माणूस 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर सेससह टॅक्स 27,634 रुपये होतो. तोच 24 महिने उलटल्यावर त्याच दराने विकली असती तर 11,514 रुपये. अर्थात तोपर्यंत दर खाली आला असता तर हा फायदा तिथंच आटला असता.

इथं एक बारीक गोष्ट आहे. घडणावळ आणि जीएसटी खरेदी किमतीत धरता येतात. पण त्यासाठी बिल लागतं. बिल नसेल आणि नुसता सोन्याचा दर धरला, तर हाच नफा 1,04,000 दिसतो.

आईच्या साजाचं काय?

आता खरा गोंधळ. वारशानं आलेल्या दागिन्यासाठी लेकीनं एक पैसाही दिलेला नसतो. मग खरेदी किंमत शून्य धरायची का? नाही. कायदा सांगतो, की आईची खरेदी किंमत हीच लेकीची किंमत आणि आईनं दागिना जेवढा काळ ठेवला तोही लेकीच्या मुदतीत मोजायचा.

समजा, आईनं 1985 मध्ये कोल्हापुरी साज घडवला. खर्च आला साडेआठ हजार. 2019 मध्ये आई गेली, साज लेकीकडे आला. ऑक्टोबर 2025 मध्ये लेकीनं तो मोडला. साजाच्या मण्यांत लाख असते, त्यामुळे मोडताना ती वजा होते आणि पैसे निव्वळ सोन्याचेच मिळतात. इथं ते 40 ग्रॅम भरलं. 11,000 च्या दराने हातात आले 4,40,000.

1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेल्या सोन्यासाठी आणखी एक सोय आहे. मूळ किंमत किंवा त्या दिवशीची बाजारभावाची किंमत, यातली कोणतीही धरता येते. तेव्हा 22 कॅरेट सोनं ग्रॅमला 385 रुपयांच्या आसपास होतं. त्या हिशोबानं 40 ग्रॅमचे 15,400. साडेआठ हजारांपेक्षा हे जास्त, म्हणून तेच धरायचं. नफा 4,24,600 आणि सेससह टॅक्स 55,198 रुपये.

2001 च्या किमतीचा पुरावा म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घेऊन ठेवतात. तो साज मोडण्याआधी घ्यायचा, कारण दागिना वितळल्यावर मूल्यांकक बघणार काय?

इंडेक्सेशन गेलं, मग तोटा झाला का?

2024 च्या बदलात महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरायची सवलत, म्हणजे इंडेक्सेशन, सोन्यासाठी बंद झाली. त्यावर बरीच नाराजी होती. पण याच साजाचा हिशोब जुन्या नियमानं केला तर 15,400 ची किंमत 57,904 होते, नफा 3,82,096 आणि 20 टक्के दराने सेससह टॅक्स 79,476. म्हणजे नव्या नियमानं चोवीस हजार वाचले. कारण सोनं महागाईपेक्षा कितीतरी जास्त वाढलं. दर फारसा न वाढता सोनं विकावं लागलं असतं, तर मात्र जुना नियमच फायद्याचा ठरला असता.

‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे इथं चालतं का?

नव्या करप्रणालीतलं हे वाक्य सगळ्यांना पाठ झालंय. पण ती सवलत रिबेटमधून येते आणि सोन्याच्या 12.5 टक्केवाल्या नफ्याला 2025-26 पासून हा रिबेट मिळत नाही.

मदतीला येते ती 4 लाखांची मूळ करमुक्त मर्यादा. साज विकणारी लेक गृहिणी असेल आणि तिला दुसरं काहीच उत्पन्न नसेल, तर 4,24,600 मधून 4 लाख वजा होतात. उरलेल्या 24,600 वर सेससह टॅक्स फक्त 3,198 रुपये. तिला नोकरी असेल आणि पगारातच 4 लाख संपले असतील, तर मात्र पूर्ण 55,198.

म्हणून ‘बायकोच्या नावावर विकू’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो फसतो. नवऱ्यानं बायकोला दिलेलं सोनं तिनं विकलं तर नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. सासूनं हयातीत सुनेला दिलेल्या सोन्याचंही तसंच, नफा सासूच्या उत्पन्नात जातो. आईकडून लेकीला किंवा मृत्यूनंतर वारशानं आलेल्या सोन्याला हा नियम लागत नाही.

मोड देऊन नवीन घेतलं तर?

पैसे हातात आले नाहीत म्हणजे टॅक्स नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. जुन्या पाटल्या देऊन नवा हार घेतला तरी कायद्यात ती पाटल्यांची विक्रीच. मोडीचा जो भाव बिलावर लागतो ती विक्रीची किंमत, आणि नव्या हाराचा 24 महिन्यांचा काळ त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. त्यामुळे नव्या हाराच्या बिलासोबत मोडीची पावतीही जपून ठेवावी लागते. पुढं कधी हार विकायची वेळ आली, तर हिशोब याच दोन कागदांवरून सुरू होणार आहे.