सनद हातात आली, आता दोन वर्षांचा हिशेब ठेवा

जालना, अंबड, परतूर, भोकरदन, मंठा इथल्या ज्या मुलामुलींनी नुकतंच एल.एल.बी. पूर्ण केलं आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद मिळाली की घरात पेढे वाटले जातात, काळा कोट शिवला जातो आणि सगळं झालं असं वाटतं. पण सनद मिळाली की ऑल इंडिया बार परीक्षेची मुदत सुरू होते. ही परीक्षा भारतीय विधिज्ञ परिषद, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. ती उत्तीर्ण झाल्यावरच व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे सीओपी म्हणतात.

ज्यांनी २००९-१० या शैक्षणिक वर्षात किंवा त्यानंतर पदवी घेतली, त्या सर्वांना ही परीक्षा लागू आहे. इथे पदवीचं वर्ष बघतात, सनदेचं नाही. २००८ साली पदवी घेऊन कुणी उशिरा सनद काढली, तर त्याला ही परीक्षा नाही. पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. पुढे तिच्या वैधतेवरच वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मिटवला आणि परीक्षा वैध ठरवली. त्यामुळे ‘ही परीक्षा आज ना उद्या रद्द होईल’ या आशेवर कुणी बसू नये.

नव्या वकिलाला सनदेनंतर दोन वर्षं तात्पुरती वकिली करता येते. दोन वर्षं पुष्कळ वाटतात, पण हिशेब मांडून बघा. जानेवारी २०२४ मध्ये सनद मिळालेला मंठ्याचा एखादा मुलगा धरा. १० डिसेंबर २०२३ ची परीक्षा त्याच्या आधीच होऊन गेलेली. पुढची झाली २२ डिसेंबर २०२४ ला आणि त्यानंतरची ३० नोव्हेंबर २०२५ ला. जानेवारी २०२६ मध्ये त्याची दोन वर्षं भरली. म्हणजे हातात संधी दोनच. ‘यंदा सिनियरकडे काम शिकतो, परीक्षा पुढच्या वर्षी’ असं म्हटलं की एकच उरते. मुदत उलटली म्हणून सनद रद्द होत नाही आणि परीक्षा कितीही वेळा देता येते, पण उत्तीर्ण होईपर्यंत वकिली थांबवावी लागते. पक्षकाराचं वकीलपत्र घेतलेलं असताना ही वेळ येऊ देऊ नका.

परीक्षा कागदावरच होते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. उत्तीर्ण व्हायला खुल्या व ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. विषय एकोणीस आहेत, पण भार सारखा नाही. संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी दहा गुण. दंडविधान, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्तेचा गट यांना प्रत्येकी आठ. या सात विषयांचेच बासष्ट गुण होतात. अभ्यासाचा बराचसा वेळ इथेच द्या.

मूळ कायद्याची पुस्तकं परीक्षेत नेता येतात, मात्र त्यांत टीपा किंवा भाष्य नको. पुष्कळजण इथेच गाफील राहतात. एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. पुस्तक ओळखीचं नसेल तर कलम शोधण्यातच ती जातात. त्यातून १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. अटकपूर्व जामीन पूर्वी ४३८ मध्ये होता, तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ मध्ये आहे. खुनाची शिक्षा ३०२ मधून न्याय संहितेच्या १०३ मध्ये गेली, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब आता साक्ष्य अधिनियमाच्या ६३ मध्ये आहे. कॉलेजात जुनी कलमं पाठ केलेल्यांनी नवी पुस्तकं आजच घ्यावीत आणि वेळ लावून कलम शोधण्याचा सराव करावा.

अर्ज भरताना नाव सनदेवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे आधी तपासावं, कारण प्रमाणपत्रावरही तेच नाव येतं. निकाल लागला की सीओपी राज्य बार कौन्सिलमार्फत मिळतं. ते हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आज एवढंच करा: सनदेवरची तारीख बघा, तिच्यात दोन वर्षं मिळवा आणि येणारी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग जी परीक्षा सर्वात आधी जाहीर होईल, तिचाच अर्ज भरा.